रेषेवरच्या फुल्या

मला राग पटकन येतो. वॉर्डातल्या पोरी माझ्या पाठीमागे ‘ठसका आला गं’ म्हणतात, आणि मला ते ऐकू येत नाही असं त्यांना वाटतं. सोलापुरात बाळंतपणाच्या वॉर्डात सव्वीस वर्षं काढल्यावर माणूस मऊ राहत नाही, आणि राहिलाच तर कामाचा राहत नाही, असं मी स्वतःला सांगत आले आहे. पण त्या दुपारी मला राग आला नसता तर मी एक शब्द टाइप करून पाठवला असता आणि फोन पर्समध्ये टाकला असता.

सुट्टीचा दिवस होता. भाचीच्या लग्नाच्या साड्यांना ब्लाउजपीस घ्यायला मी नवी पेठेतल्या नेहमीच्या मॅचिंग सेंटरमध्ये बसले होते. सकाळभर बहिणीनं पुण्याहून व्हिडिओ कॉल लावून एकेक साडी दाखवली होती, त्यामुळे फोनचा दिवसाचा डेटा बाराच्या आत संपलेला. डेटा संपला की काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे, अक्षरं तेवढी येतात आणि फोटो नुसते गोल गोल फिरत राहतात. मला त्याचं काही वाटलं नव्हतं. दुकानाच्या चाचांशी मोरपंखी आणि हिरव्यावरून माझं भांडण चाललं होतं.

दीडच्या सुमाराला मेसेज आला. पाठवणारी माझीच जुनी विद्यार्थिनी. नर्सिंगच्या कोर्सला असताना सहा महिने माझ्या वॉर्डात होती, आता मंद्रूपच्या पलीकडच्या एका गावात आरोग्य केंद्रावर नर्स होती. फोटोच्या जागी धुरकट चौकोन दिसत होता, त्यावर बाण फिरत होता, आणि खाली तिनं लिहिलेली ओळ तेवढी स्पष्ट होती. ‘पहिलटकरीण. चार्ट खालीलप्रमाणे. एक वाजता ९ सेंमी, अलर्ट लाइनवरच आहे. सासूबाई सोलापूरला न्या म्हणून मागे लागल्यात. मॅडम, चार्ट समजावून सांगा. थांबू का पाठवू?’

हा चार्ट म्हणजे कळांचा तक्ता. आम्ही त्याला पार्टोग्राफ म्हणतो. एका कागदावर बाईची सगळी कहाणी असते. वर बाळाच्या ठोक्यांचे ठिपके, दर अर्ध्या तासाला एक. मधे गर्भपिशवीचं तोंड किती उघडलं त्याच्या फुल्या. खाली कळा, नाडी, रक्तदाब. फुल्यांच्या जागेत दोन तिरक्या रेषा आधीच छापलेल्या असतात. तोंड चार सेंटीमीटर उघडलं की तक्ता सुरू होतो, आणि तासाला निदान एक सेंटीमीटर वाढावं असा हिशोब धरून पहिली रेष काढलेली असते, तीच अलर्ट लाइन. फुली तिच्यावर किंवा डावीकडे असली तर बरं चाललंय. उजवीकडे सरकली तर लहान केंद्रानं बाईला मोठ्या दवाखान्यात हलवायची तयारी धरावी. आणखी उजवीकडे, चार तास सोडून, दुसरी रेष असते. फुली तिथं पोचली तर खूप उशीर झाला.

तर ओळ वाचून मला काय वाटणार? नऊ सेंटीमीटर, रेषेवर. तासाभरात सुटेल की बाई. अशा वेळी गाडीत घातली तर वाटेतच बाळंत व्हायची. मी टाइपसुद्धा केलं, ‘थांब. ठीक आहे.’ बोट पाठवायच्या बाणावर होतं.

आणि मला राग आला. ‘चार्ट समजावून सांगा’ म्हणे! इतकी वर्षं नोकरी झाली, नऊ सेंटीमीटरच्या बाईपाशी उभं राहायचं सोडून ही फोटो काढत बसली आहे, आणि मी काय इथं बसून तिला तक्ता वाचून दाखवू? म्हटलं मेसेज नको, हिला तोंडीच झापते. लिहिलेलं पुसलं आणि फोन लावला. यात माझी हुशारी काडीचीही नव्हती, हे आधीच सांगून ठेवते.

तिनं पहिल्या रिंगलाच उचलला. पाठीमागून एक बाई विव्हळत होती.

“काय गं, तक्ता वाचता येत नाही का तुला?” मी म्हटलं.

“येतो मॅडम. पण सासू लई भांडायला लागलीय. डॉक्टर मीटिंगला गेलेत, फोन लागत न्हाय. तुमी एकदा बघून सांगितलं तर मी तिला ठामपणे सांगीन.”

“बघू कसं? फोटो आलाच नाही. खालची ओळ तेवढी आलीय.”

“मग ओळीत लिहिलंय की मॅडम सगळं.”

तिच्या आवाजात घाई होती. मला ती घाई आवडली नाही, पण त्या क्षणी मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही. मला फक्त तिला धडा शिकवायचा होता. म्हटलं, “ओळीवरून मी काही सांगणार नाही. तक्ता हातात घे आणि वरपासून वाच. मी इथं काढते.”

चाचांच्या गल्ल्याजवळ कोऱ्या बिलांचं पॅड होतं. त्यातलं एक पान मी ओढलं, उलटं केलं, आणि पेनानं दोन तिरक्या रेषा मारल्या. डोळे झाकून काढता येतात त्या मला. चाचा म्हणाले, “क्या हुआ बाजी?” मी हातानंच थांबवलं.

“आठ वाजता चार सेंटीमीटर,” ती म्हणाली. मी फुली मारली. “नऊला पाच. दहाला सहा. अकराला सात. बाराला आठ. एकला नऊ.”

मी फुल्या मारत गेले. अगदी रेषेवर, पट्टीनं आखल्यासारख्या. सव्वीस वर्षांत माझ्या हाताखालून हजारो बाया गेल्या असतील, पण एकीचंही अंग असं घड्याळ लावून उघडलेलं मी पाहिलं नाही. कुणी तीन तास जागच्या जागी राहते आणि मग भरभर जाते, कुणी आधी भरभर जाऊन मग अडते. आणि दुसरं म्हणजे, आम्ही आतून तपासणी चार तासांनी करतो. उगीच सारखा हात घातला तर जंतू जातात, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मग दर तासाला फुली आली कुठून?

मी ते लगेच विचारलं नाही. खरं सांगायचं तर विचारायची भीती वाटली. म्हटलं, “बाळाचे ठोके सांग.”

“आठला एकशे चाळीस. साडेआठला एकशे बेचाळीस. नऊला एकशे चाळीस. साडेनऊला एकशे चाळीस. दहाला एकशे अडतीस. साडेदहाला एकशे चाळीस...”

“पुढे?”

“एकशे चाळीसच हाय मॅडम.”

“आईची नाडी?”

“ऐंशी. ऐंशी. ऐंशी.”

कळा देणाऱ्या बाईची नाडी पाच तास ऐंशीवर? पोटातल्या बाळाचे ठोके कळेबरोबर खालीवर होतात, ते बाळ पाच तास एकशे चाळीसवर बसून कसं राहील? मला कळलं होतं. तिनं सांगायच्या आधी कळलं होतं. कारण असे तक्ते मी स्वतः भरले आहेत.

“खरं सांग,” मी म्हटलं. “यातले किती ठिपके खरे आहेत?”

पलीकडे ती बाई विव्हळत होती तेवढंच ऐकू येत होतं.

“मी रागावत नाही. पण आत्ता सांग. किती खरे?”

“दोन,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली. “आठचा आणि साडेआठचा. आणि आठची फुली. आज लसीकरण हाय मॅडम, बाहेर पन्नास पोरं, मी एकटीच. दुसरी सिस्टर रजेवर. बाई चांगली फिरत होती, बोलत होती. मग सासू भांडायला लागली तवा म्हटलं शीट तर पूर्ण करू, मग तुमाला पाठवू. रेषेवर भरली. सगळे तशीच भरतात मॅडम.”

“बाराला आत हात घातला होतास?”

“न्हाय.”

“मग नऊ सेंटीमीटर कुठून आलं?”

“रेषेवरून,” ती म्हणाली.

म्हणजे कुणालाच काही माहीत नव्हतं. साडेआठपासून दीड वाजेपर्यंत त्या बाईच्या पोटात काय चाललंय हे जगात एकालाही ठाऊक नव्हतं, आणि मी तिला ‘थांब, ठीक आहे’ असं लिहिलं होतं. मी गल्ल्याजवळच्या स्टुलावर बसले. चाचांनी पंखा माझ्याकडे फिरवला आणि गिऱ्हाइकांना हळूच बाहेर घालवलं.

राग कुठल्या कुठे गेला होता. उरली ती नुसती भीती, आणि ती आवाजात येऊ द्यायची नव्हती. माझा आवाज कापला तर तिकडे तिचा हात कापणार, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी म्हटलं, “डोळे पूस. लसीकरण बंद कर, आशा वर्करला पोरं सांभाळायला सांग. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेव. डॉप्लर आण, आणि कळ संपता संपता बाळाच्या ठोक्यांवर लाव. मी मोजते.”

ते यंत्र ठोक्यांचा आवाज मोठ्यानं ऐकवतं. खरखर झाली, मग काही नाही, मग पुन्हा खरखर. सासूचा आवाज आला, “काय करताय बाई, सांगा की, काय करताय?” मग अचानक ठोके ऐकू आले. मी चाचांच्या भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत मोजायला लागले. ठोक्यांचं गणित माझ्या कानातच बसलेलं आहे, पहिल्या पाच सेकंदांत कळतं. हे ठोके अंतर सोडून पडत होते. एक पडला की वाटायचं, पुढचा येतो की नाही. मी पूर्ण मिनिट मोजलं, मधेच सोडावंसं वाटत असताना मोजलं.

शहाण्णव.

“मॅडम?” ती म्हणाली.

“हात काढू नकोस.” मग पुढचं मिनिट. हळूहळू ठोके जवळ आले, एकशे बारा झाले, एकशे वीसच्या जवळपास आले. म्हणजे कळ आली की बाळ दमत होतं आणि कळ संपल्यावर सावरायला त्याला वेळ लागत होता. किती कळा ते असं सावरणार होतं, हे मला सांगता येत नव्हतं.

“आता हातमोजे घाल आणि बघ. खरं काय ते सांग. रेष विसर.”

ती दोन मिनिटं मला आयुष्यात सगळ्यात लांब वाटली. चाचा पाण्याचा ग्लास धरून उभे होते, मी घेतला नाही. पेन माझ्या हातात होतं आणि कागदावर त्या सहा सुंदर फुल्या होत्या.

“पाच,” ती म्हणाली. “मॅडम, पाचच हाय. आणि पाणी गेलंय, हिरवं हाय.”

“केव्हा गेलं?”

सासू म्हणाली, “अकरालाच गेलं की! मी सांगितलं हुतं हिला. ही म्हणली, हुतंय, हुतंय.”

मी पहिली फुली सोडून बाकीच्या पाचही खोडल्या आणि दीडच्या रकान्यात, पाच सेंटीमीटरवर एक फुली मारली. दुसऱ्या रेषेच्या पलीकडे गेली ती. पाच सेंटीमीटरच्या उंचीवर ती रेष एकच्या रकान्यात असते. पोटातल्या बाळानं शी केल्यामुळे पाणी हिरवं झालं होतं, पहिली वेळ होती, तोंड साडेपाच तासांत एकच सेंटीमीटर उघडलं होतं आणि ठोके पडत होते.

पुढचं मी भराभर सांगितलं. डाव्या कुशीवर झोपव. सलाइन लाव. कळा वाढवायची सुई कुणीही कितीही म्हणालं तरी द्यायची नाही. गाडी दारात आहे ना? आहे. मग आत्ता, या मिनिटाला. तू स्वतः गाडीत बस, डॉप्लर बरोबर घे, प्रत्येक कळेनंतर ठोके ऐक आणि मला कळव. आणि आणखी एक. तो तक्ता टाकून देऊ नकोस. बरोबर आण.

“मॅडम, तो न्हाय आणला तर?”

“आण म्हटलं ना.”

मग ती हळूच, तक्रार नाही, उलट आधार शोधत असल्यासारखं म्हणाली, “मॅडम, तुमीच शिकवलं हुतं. शीट कोरी ठेवायची न्हाय आणि रेष सोडायची न्हाय.”

मला आठवलं. कसं नाही आठवणार? वॉर्डात तपासणी होती, आदल्या दिवशीचे अकरा तक्ते अर्धवट होते, बाया बाळंत होऊन खाटेवर झोपलेल्या. मी या पोरीला शेजारी बसवून ते भरून घेतले होते. सगळ्याजणी सुखरूप सुटलेल्या होत्या, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. ती एक फुली रेषेच्या उजवीकडे मारायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला होता आणि म्हटलं होतं, “अगं वेडे, उजवीकडे गेलीस की दहा प्रश्न विचारतात. रेष धरून चल.” आम्ही दोघी हसलो होतो. ते मला आत्ता, स्टुलावर बसून, तिच्याच तोंडून ऐकावं लागलं.

“गाडीत बस,” एवढंच मी म्हणू शकले.

मी रिक्षा केली आणि दवाखान्यात पळाले. ड्यूटीवरच्या डॉक्टरबाईंना सांगितलं, थिएटर तयार ठेवायला लावलं, रक्ताची सोय केली. फोनवर ती सांगत होती, “कळेनंतर शंभर, मॅडम.” थोड्या वेळानं “नव्वद.” मग “अठ्ठ्याऐंशी, मॅडम, अठ्ठ्याऐंशी.” मग फोन लागेना. मी फाटकाशी जाऊन उभी राहिले. दोनदा दुसऱ्याच गाड्या आल्या आणि दोन्ही वेळा मी धावले. वॉचमन म्हणाला, “सिस्टर, तुमच्या घरचं कोणी आहे का?” मी नाही म्हटलं नाही.

त्यातच दवाखान्याच्या वायफायला फोन आपोआप जोडला गेला आणि मघाचा फोटो उघडला. मी बघितला. काय अक्षर होतं पोरीचं! ठिपके एकसारखे गोल, फुल्या एका मापाच्या, रेषा पट्टीनं जोडलेल्या, एकही खाडाखोड नाही. दीड वाजता हा फोटो उघडला असता तर? तक्ता न वाचताच मला समाधान वाटलं असतं. मी अंगठा दाखवला असता आणि मोरपंखी कापड फाडून घेतलं असतं. मी फाटकाच्या खांबाला धरून उभी राहिले.

गाडी आली. बाईचा चेहरा पांढराफटक पडला होता, ओठ कोरडे, डोळे उघडे. सासू तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. पोरगी उतरली ती हातात डॉप्लर आणि तक्ता घेऊन. डॉक्टरबाईंनी तक्ता मागितला, तिनं दिला. मी बिलाचा कागद पुढे केला. डॉक्टरबाईंनी दोन्ही शेजारी धरले आणि माझ्याकडे बघितलं.

“सिस्टर, या दोन वेगळ्या बायका आहेत का?”

“एकच आहे,” मी म्हटलं. “हा खरा आहे.” आणि बिलाचा कागद दाखवला. पुढचं विचारायला त्यांना वेळ नव्हता. त्या आत पळाल्या.

सिझर करून बाळ काढलं तेव्हा मी आत होते. माझी ड्यूटी नव्हती, पण मला बाहेर थांबवायची कुणाची हिंमत झाली नाही. मुलगी होती. अंगभर हिरवट चिकटा, हातपाय लुळे, आवाज नाही. डॉक्टरांनी तोंडावर मास्क लावून श्वास द्यायला सुरुवात केली. मी बाजूला उभी राहून मोजत होते, मोजण्याशिवाय मला दुसरं काही येतच नव्हतं. देवाचं नाव घ्यावंसं वाटलं तर तेही आठवेना. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्याच्या शेवटाला तिनं एक उचकी दिली, मग कण्हली, मग एकदाची रडली. रडणं म्हणावं असं ते नव्हतं, पण मी तिथंच भिंतीला टेकून ढसाढसा रडले. ज्युनिअर पोरी बघत राहिल्या.

बाहेर ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. “मॅडम, माझी नोकरी जाईल का?” म्हणाली. मी म्हटलं, “माहीत नाही.” तिच्या केंद्रातून लेखी खुलासा मागवतील, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिनं जे लिहायचं ते खरं लिहावं, एवढं मी सांगितलं. ‘मला हे कुणी शिकवलं’ तेही लिही, असं मात्र माझ्या तोंडून निघालं नाही. ते वाक्य मी जिन्यात दोनदा तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. मला पोर वाचल्याचा आनंद होता, आणि त्याच्या खाली स्वतःच्या नोकरीची भीती होती. ती भीतीही तितकीच खरी होती, हे लपवून काय करू?

बाळ सहा दिवस काचेच्या पेटीत होतं. मी रोज ड्यूटी संपली की जाऊन बघायची. सहाव्या दिवशी ते आईच्या अंगावर पिऊ लागलं. सातव्या दिवशी सासू माझ्या वॉर्डात आली. शेळ्या राखणारी, उन्हानं करपलेली बाई. हातात नातीला गुंडाळून आणलं होतं. आल्या आल्या पाया पडायला वाकली, मी धरलं तर माझे दोन्ही हात हातात घेऊन उभी राहिली.

“ताई, तुमी फोटू न बघताच वळखलंत. समद्या गावात सांगितलं मी. आमची नात तुमच्यामुळं हाय.”

वॉर्डातल्या पोरी कौतुकानं बघत होत्या. मी गप्प राहिले असते तर काही बिघडलं नसतं. बाई खूश होती, बाळ दूध पीत होतं, मला मान मिळत होता. पण तिचे हात इतके खरखरीत आणि गरम होते की माझ्याच्यानं सहन होईना.

“मावशी,” मी म्हटलं, “असं नाही. फोटो आला नाही म्हणून मी वाचून घेतलं. फोटो आला असता तर मी ‘थांबा’ म्हणाले असते.”

तिला कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून. तुमच्या सुनेचा कागद खोटा भरलेला होता. तिथल्या पोरीनं न बघताच भरला. तसा भरायचा हे तिला मी शिकवलं होतं, इथंच, या टेबलावर. तुम्ही सोलापूरला न्या म्हणत होतात ते बरोबर होतं. कागद खोटं बोलत होता आणि मी कागदावर विश्वास ठेवणार होते.

कोपऱ्यात एका पोरीच्या हातातला ट्रे वाजला. मावशीनं माझे हात हळूच सोडले. चिडली नाही. मला वाटलं होतं चिडेल, शिव्या देईल, मी त्याला तयार होते. तिनं नातीला खांद्यावर नीट घेतलं आणि वॉर्डभर नजर फिरवली. सात खाटांवर सात बाया कळा देत होत्या. प्रत्येकीच्या उशाशी पाटीला चिमट्यानं अडकवलेला एकेक तक्ता होता.

“मग ताई,” ती म्हणाली, “ह्यांचे कागद कसे हायेत?”

मी पहिल्या खाटेपाशी गेले, पाटी उचलली आणि बघितलं. दुपारचे दोन वाजले होते, आणि तक्ता चारपर्यंत भरलेला होता.